झोपेत अंगठा चोखणारं मूल: काळजी कधी करायची आणि सवय कशी सोडवायची

दिवसभर अंगठ्याकडे न बघणारं मूल अंथरुणावर पडलं की अंगठा तोंडात घालतं आणि पाच-दहा मिनिटांत झोपी जातं. घरात यावर दोन टोकाची मतं असतात. एकजण म्हणतो, 'आपोआप सुटेल, राहू दे.' दुसरा म्हणतो, 'दात पुढे येतील, आत्ताच मिरची लावा.' दोघांनाही एक गोष्ट विचारायला हवी: अंगठा तोंडात एकूण किती तास असतो? दातांच्या बाबतीत जवळजवळ सगळं या उत्तरावर आणि मुलाच्या वयावर ठरतं.

दात हलायला जोर कमी आणि वेळ जास्त लागतो. दिवसातून चार-पाच वेळा दोन-दोन मिनिटं जोरात चोखणाऱ्या मुलाच्या दातांवर फारसा परिणाम होत नाही. पण रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ अंगठा दातांमध्ये राहिला, तर दाब हलका असूनही दात आणि जबडा जागा बदलायला लागतात. दिवसा सहसा कुठलंच मूल सहा तास अंगठा चोखत नाही, हे तास झोपेतच भरतात. म्हणून झोपेतल्या सवयीचे दोन भाग वेगळे करून बघावेत. एक भाग म्हणजे झोप लागेपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं. दुसरा भाग म्हणजे झोप लागल्यावरही तोंडातच राहणारा अंगठा. पहिल्या भागाने दातांचं जवळजवळ काही बिघडत नाही. दुसऱ्याने बिघडतं.

वयानुसार काय करायचं

चोखणं ही बाळाची जन्माआधीपासूनची गोष्ट आहे. गर्भातलं बाळ अंगठा चोखताना सोनोग्राफीत दिसतं. पहिल्या वर्षात भुकेशिवायही चोखून शांत होणं अगदी स्वाभाविक आहे, त्यात सोडवण्यासारखं काही नसतं. बाळाच्या हातांना कायम मोजे घालून ठेवणं किंवा हात दुपट्यात घट्ट बांधणं या कारणासाठी करू नये.

एक ते तीन वर्षांत फक्त नखं कापलेली आणि हात धुतलेले ठेवा, बाकी दुर्लक्ष करा. या वयात मुलाला 'काढ अंगठा' म्हटलेलं कळतं, पण अर्धवट झोपेत ते पाळणं त्याला जमत नाही. बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान स्वतःहून सोडतात.

तीन ते चार हा तयारीचा काळ. झोपायची पद्धत सुधारायची आणि झोप लागल्यावर अंगठा हळूच काढायचा, एवढंच. चार वर्षं पूर्ण झाली आणि रात्री बराच वेळ अंगठा तोंडात दिसत असेल, तर नीट ठरवून काम सुरू करायची हीच वेळ. खालचे पटाशीचे कायमचे दात साधारण सहा-सात वर्षांत आणि वरचे सात-आठ वर्षांत येतात. ते येण्याआधी सवय सुटली तर दुधाच्या दातांमध्ये पडलेली पुढची फट बहुतेक वेळा आपोआप भरून येते. नंतर सुटली तर उपचार लागण्याची शक्यता वाढते. म्हणजे चार ते सहा या दोन वर्षांत घाई न करता काम करायला पुरेसा वेळ हातात असतो.

अलीकडेच अंगावरचं दूध किंवा बाटली सुटली असेल, घरात नवं भावंड आलं असेल किंवा बालवाडी नुकतीच सुरू झाली असेल, तर महिना-दीड महिना थांबा. त्या काळात अंगठा वाढलेला दिसतो आणि बरेचदा नंतर आपणच कमी होतो.

आधी सात रात्री मोजा

मोजल्याशिवाय सुरुवात केली तर दोन आठवड्यांनी फरक पडला की नाही यावरच घरात वाद होतो. त्यासाठी एक कागद भिंतीला लावा आणि रोज रात्री चार वेळा बघून 'आत' किंवा 'बाहेर' एवढंच लिहा. पहिली नोंद झोप लागताना, दुसरी झोप लागल्यावर अर्ध्या तासाने, तिसरी तुम्ही स्वतः झोपायला जाताना आणि चौथी सकाळी मूल उठण्याच्या थोडं आधी. मध्यरात्री गजर लावून उठायची गरज नाही. सकाळी अंगठ्याचं टोक पांढरट, सुरकुतलेलं आणि ओलसर असेल, तर पहाटे अंगठा बराच वेळ तोंडात होता असं समजा आणि तेही लिहा.

आठवड्याच्या शेवटी अठ्ठावीस नोंदी होतील. त्यातल्या 'आत' किती, ते बघा. हा भाग झोपेच्या एकूण तासांना लावला की अंदाजे तास मिळतात. अठ्ठावीसपैकी चौदा 'आत' आणि झोप दहा तास, म्हणजे सुमारे पाच तास. हा अंदाज ढोबळ आहे, पण आधी आणि नंतर एकाच पद्धतीने मोजलं तर तुलना नीट होते. सर्दीच्या रात्री मात्र मोजू नका. नाक चोंदलेलं असलं की मुलाला श्वासासाठी तोंड उघडं ठेवावं लागतं आणि अंगठा आपोआप बाहेर राहतो. त्या आठवड्यात सवय सुटली असं वाटतं आणि नाक मोकळं झालं की अंगठा परत येतो.

मोजताना अंगठा कसा आहे तेही बघा. काही मुलांचा अंगठा झोप लागल्यावर ओठांवर नुसता टेकलेला असतो. काहींचे गाल आत ओढले जातात, चोखल्याचा आवाज येतो आणि अंगठा काढताना 'पट्' असा आवाज होतो. दुसऱ्या प्रकारात दातांवर आणि टाळूवर दाब जास्त असतो, बरेचदा अंगठ्याच्या सांध्याजवळ कातडीला घट्टाही पडलेला असतो.

दात घरी कसे बघायचे

सकाळच्या उजेडात मुलाला खिडकीकडे तोंड करून बसवा आणि दाढा मिटून दात दाखवायला सांगा. मुलं दात दाखवताना पुढचे दात एकमेकांवर टेकवतात आणि त्यामुळे दोष लपतो, म्हणून 'मागच्या दाढांनी चाव' असं सांगायला विसरू नका. मग तीन गोष्टी बघा.

दाढा मिटलेल्या असताना वरचे पुढचे दात खालच्या दातांना थोडे झाकतात का? ते टेकतच नसतील आणि मधल्या फटीतून जीभ दिसत असेल, तर अंगठ्याने दातांना पूर्ण वाढायला जागा दिलेली नाही. ही फट बहुधा अंगठ्याच्या बाजूला जास्त असते, म्हणजे डावा अंगठा चोखणाऱ्या मुलाची डावीकडे. दुसरं, बाजूने बघितल्यावर वरचे दात खालच्या दातांच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे असणं चालतं, त्याहून बरेच पुढे असतील तर नोंद करा. तिसरी गोष्ट बहुतेक घरी बघितलीच जात नाही आणि तीच सर्वात महत्त्वाची आहे. वरच्या दाढा खालच्या दाढांच्या किंचित बाहेर बसायला हव्यात. एका बाजूला त्या आत बसत असतील किंवा तोंड मिटताना हनुवटी एका बाजूला सरकत असेल, तर वरचा जबडा अरुंद झाला आहे.

यामागे कारण आहे. जीभ सहसा टाळूला टेकून वरच्या जबड्याला आतून आधार देते. अंगठा तोंडात असला की जीभ खाली दबते आणि गालांचे स्नायू बाहेरून आत दाबत राहतात. आतला आधार गेला आणि बाहेरचा दाब राहिला की जबडा निमुळता होतो. पुढची फट सवय सुटल्यावर आपोआप भरते, हे दाढांचं उलटं बसणं मात्र सहसा आपोआप सुधारत नाही. त्यामुळे ते दिसलं तर मूल चार वर्षांचं असो की पाच, बालदंततज्ज्ञांना आत्ताच दाखवा, सहा वर्षांची वाट बघू नका.

दातांचे समोरून आणि बाजूने दोन फोटो काढून ठेवा आणि महिन्याला एकदा त्याच उजेडात पुन्हा काढा. बोलणंही ऐका. 'सात ससे' म्हणताना जीभ दातांच्या मधून बाहेर येत असेल, तर तेही दंततज्ज्ञांना सांगा.

झोप लागण्याची पद्धत बदला

झोपायच्या वेळी अंगठा दोन कामं करतो: तोंडाला हालचाल देतो आणि हाताला जागा देतो. नुसता अंगठा काढून घेतला तर या दोन्ही जागा रिकाम्या राहतात आणि मूल दहा मिनिटांत परत तिथेच येतं.

सुरुवात झोपेच्या वेळेपासून करा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दहा ते तेरा तास झोप लागते. रात्री साडेदहाला झोपून शाळेसाठी साडेसहाला उठणारं आणि दुपारी न झोपणारं मूल आठच तास झोपतं. दमलेलं मूल पडल्यापडल्या अंगठ्याचा आधार घेतं, शांत व्हायला त्याच्याकडे दुसरं काही उरलेलं नसतं. झोपेची वेळ दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. झोपायच्या एक तास आधी टीव्ही आणि मोबाइल बंद करा, कारण पडद्यासमोर बसलेल्या मुलाचा अंगठा हमखास तोंडात जातो आणि मग तो तिथेच राहतो.

हातांसाठी मुलाला दोन्ही हातांनी मिठीत घ्यावी लागेल एवढी मोठी उशी किंवा कापडी खेळणं द्या. लहान बाहुली एका हातात मावते आणि दुसरा हात मोकळा राहतो, म्हणून ती उपयोगी नाही. (एक वर्षाखालच्या बाळाच्या अंथरुणात मात्र उशी किंवा खेळणं काहीही ठेवू नये.) तोंडासाठी फुंकर चांगली. दिवा मालवल्यावर मुलाबरोबर पाच लांब फुंकरी मारा, मेणबत्ती विझवायची आहे असं समजून. फुंकर मारताना चोखता येत नाही आणि श्वास हळू झाल्याने झोपही लवकर येते. मग पाठीवर थोपटा. सुरुवातीचे चार-पाच दिवस झोप लागेपर्यंत थोपटायला हरकत नाही. पुढच्या आठवड्यात थोपटणं रोज थोडं लवकर थांबवा, नाहीतर अंगठ्याच्या जागी तुमचा हात येतो आणि मध्यरात्री जाग आली की मूल तो शोधतं.

आणखी एक गोष्ट शोधा. बरीच मुलं अंगठा चोखताना दुसऱ्या हाताने काहीतरी धरतात: गोधडीचं टोक, आईची ओढणी, स्वतःचा कान, एखादा जुना रुमाल. दोन गोष्टी इतक्या जोडलेल्या असतात की रुमाल हातात आला की अंगठा तोंडात जातो. अशी वस्तू सापडली तर अंगठ्याशी भांडण्याआधी ती वस्तू झोपेपासून वेगळी करा. दिवसा खेळायला असू द्या, रात्री मात्र तिच्या जागी मिठीतली उशी. काही मुलांच्या बाबतीत एवढ्यानेच अंगठा निम्म्यावर येतो. कान धरणाऱ्या मुलाला अर्थातच कान काढून ठेवता येत नाही, तिथे दोन्ही हात उशीभोवती हाच उपाय.

बाटली किंवा चोखणी देऊन अंगठा सोडवू नका. दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपलेल्या मुलाचे पुढचे दात किडतात, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दूध दातांवर तसंच राहतं.

झोप लागल्यावर अंगठा काढणं

हे बरोबर केलं तर मूल जागं होत नाही. झोप लागल्यावर वीस ते तीस मिनिटं थांबा. श्वास संथ आणि सारखा झाला, मुलाचा मोकळा हात उचलून सोडल्यावर तो सैल पडला, म्हणजे झोप गाढ आहे. आता अंगठा ओढू नका. ओढलं की मूल झोपेतच जोरात चोखतं. हात धुवून करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवा आणि पकड सोडवा, बाळाला अंगावरून सोडवताना करतात तसं. मग मनगट धरून हात खाली आणा आणि दंडाखाली किंवा मिठीतल्या उशीवर ठेवा. दोन मिनिटं बघा. परत गेला तर एकदाच पुन्हा काढा. तिसऱ्यांदा काढू नका, मूल जागं होईल आणि पुढच्या रात्री झोपायला घाबरेल.

तुम्ही झोपायला जाताना हेच पुन्हा करा. रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात झोप सर्वात गाढ असते, म्हणून या दोन वेळांना काढलेला अंगठा बराच काळ बाहेर राहतो. पहाटे झोप हलकी होते, मूल वारंवार कूस बदलतं आणि अंगठा परत जातो. तो तास हाताने सांभाळता येत नाही. शिवाय यात मूल काही शिकत नाही, काम सगळं तुमचं आहे. तास मात्र कमी होतात, आणि चार वर्षांखालच्या मुलासाठी तेवढं पुरतं.

हातमोजा आणि मुलाची संमती

चार वर्षांनंतर पुढची पायरी मुलाबरोबर ठरवायची असते, रात्री नाही, दिवसा. आरशासमोर बसा, दात दाखवा आणि साधं सांगा: 'झोपेत अंगठा तोंडात राहिला की दात पुढे ढकलले जातात. झोपेत तुला कळत नाही, म्हणून आपण हाताला आठवण देणारा मोजा घालू.' मुलाने नाही म्हटलं तर महिनाभर थांबून पुन्हा विचारा. जबरदस्तीने घातलेला मोजा पंधरा मिनिटांत काढला जातो.

मोजा सुती हवा, मुलाच्याच पायाचा चालतो. मनगटावरचं इलॅस्टिक कापून सैल करा. आधी मोजा उलटा करून आतले सुटे धागे कापून टाका. सुटा धागा बोटाभोवती गुंडाळला गेला तर रात्रभरात बोट सुजून निळं पडू शकतं, त्यामुळे ही पायरी कधीही वगळू नका. ज्या हाताचा अंगठा तोंडात जातो त्याच हाताला घाला. दुसऱ्या आठवड्यात दुसरा अंगठा सुरू झाला तर त्या हातालाही. मोजा काढला जात असेल तर लांब बाह्यांच्या सदऱ्याच्या बाहीचं टोक शिवून बंद करा, ते काढणं अवघड असतं. चिकटपट्टी अंगठ्याला गुंडाळणं टाळलेलं बरं, झोपेत सुटून घशात जाऊ शकते.

बक्षीस कशासाठी द्यायचं, इथे बहुतेक घरांत चूक होते. 'सकाळी अंगठा कोरडा असेल तर चांदणी' असं ठरवलं, तर झोपेतल्या गोष्टीसाठी मुलाला जबाबदार धरलं जातं आणि ते चार दिवसांत नाद सोडतं. कॅलेंडरवर चांदणी द्या ती स्वतःहून मोजा घातल्याबद्दल आणि फुंकरी मारून हात उशीवर ठेवल्याबद्दल. ते त्याच्या हातात आहे. पहिल्यांदा तीन चांदण्यांना छोटं बक्षीस, मग पाचला. सकाळचा नाश्ता त्याने निवडायचा, इतकं पुरतं.

घरातल्या सगळ्यांना एकच सूचना द्या: अंगठ्याबद्दल काहीही बोलायचं नाही. 'एवढी मोठी झालीस आणि अंगठा चोखतेस?' हे आजीने प्रेमाने म्हटलं तरी मुलाला लाज वाटते, आणि लाज वाटली की अंगठा आणखी आत जातो, पांघरुणाखाली, जिथे तुम्हाला मोजता येत नाही.

मिरची अंगठ्याला कधीही लावू नका. झोपेत तोच हात डोळ्याला लागतो. कडुलिंबाचा पाला किंवा कारल्याचा रस घातक नाही, पण लाळेने थोड्या वेळात धुतला जातो आणि झोपलेल्या मुलाला कडूपणा जाणवत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारा नखांवर लावायचा कडू द्रव मुलाला स्वतःला सोडायची इच्छा असेल तर जागेपणी आठवण म्हणून उपयोगी पडतो, शिक्षा म्हणून नाही. आणि तोंडावर पट्टी चिकटवणं हा प्रकार तर अजिबात करू नका.

एक उदाहरण

चार वर्षं आठ महिन्यांची मुलगी, डावा अंगठा, असं धरू. रात्री दहाला झोपते, सातला उठते, दुपारी झोपत नाही. म्हणजे नऊ तास. पहिल्या आठवड्यात अठ्ठावीसपैकी एकोणीस नोंदी 'आत'. नऊ तासांना हा भाग लावला की सुमारे सहा तास. संध्याकाळी टीव्हीसमोरचा एक तास धरला की सात. पुढे डावीकडे तीन मिलिमीटर फट, दाढा ठीक. मर्यादा ओलांडलेली आहे, पण दंततज्ज्ञांकडे धावायची घाई नाही.

पहिले दोन आठवडे हातमोजा घालायचा नाही. टीव्ही बंद, झोपेची वेळ सव्वानऊला, गोधडीच्या टोकाऐवजी मोठी उशी, पावणेदहा आणि अकराला अंगठा काढणं. पुन्हा मोजल्यावर अकरा नोंदी 'आत'. आता झोप पावणेदहा तास, म्हणजे अंगठा पावणेचार तासांच्या आसपास. दातांच्या दृष्टीने मोठा टप्पा इथेच पार झाला. उरलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त नोंदी सकाळच्या आहेत, म्हणजे आता पहाटेचा उपाय हवा.

पुढचे तीन आठवडे हातमोजा घालायचा. चौथ्या रात्री मोजा उशीखाली सापडतो, म्हणून शिवलेली बाही. तिसऱ्या आठवड्यात चार नोंदी 'आत', जेमतेम दीड तास. मग दिवाळीत मामाच्या घरी चार दिवस, जागरण आणि नवी जागा, आणि अंगठा पुन्हा पूर्ववत. हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं. परत आल्यावर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, थेट मोज्यापासून सुरू करा, आठवड्याभरात जुन्या आकड्यावर येतं. सलग तीन आठवडे नोंदी दोनच्या आत राहिल्या की मोजा एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, मग बंद.

कोपराची पट्टी आणि दंततज्ज्ञांचं यंत्र

मोजा दीड महिना नीट वापरूनही तास कमी झाले नाहीत, मूल पाच वर्षांचं आहे आणि त्याला सोडायचं आहे, तर कोपरावर क्रेप बँडेज बांधता येतं. तत्त्व सोपं आहे: जागेपणी मूल जोर लावून कोपर वाकवू शकतं, पण झोपेत स्नायू सैल पडले की पट्टीचा ताण हात हळूहळू सरळ करतो आणि अंगठा बाहेर येतो. आठ सेंटिमीटर रुंदीची पट्टी घ्या. हात सरळ ठेवून कोपराच्या पाच सेंटिमीटर खाली सुरुवात करा, पाच सेंटिमीटर वर संपवा, चार-पाच वेढे, पट्टी न ताणता. शेवट कापडी चिकटपट्टीने पक्का करा, पट्टीबरोबर येणारे धातूचे आकडे किंवा सेफ्टी पिन वापरू नका. पट्टीखाली तुमची दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पंधरा मिनिटांनी मुलाचं नख दाबून सोडा, दोन सेकंदांत ते पुन्हा गुलाबी झालं पाहिजे. बोटं गार, निळसर किंवा सुजलेली दिसली तर लगेच सोडा. चार ते सहा आठवडे पुरतात. एकदा दंततज्ज्ञांना विचारूनच हे सुरू करा.

घशातल्या गाठी वाढलेल्या असणारं, घोरणारं किंवा दिवसाही तोंड उघडं ठेवून श्वास घेणारं मूल आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तिथे पुढच्या फटीचं कारण अंगठ्यापेक्षा श्वास असू शकतं आणि अंगठा सुटूनही फट राहते.

सहा वर्षांनंतर, कायमचे पटाशीचे दात येत असतील आणि घरचे उपाय झाले असतील, तर दंततज्ज्ञ वरच्या दाढांना कडी बसवून टाळूजवळ तारेची छोटी जाळी किंवा फिरणारा मणी लावतात. अंगठा टाळूला टेकत नाही, चोखण्याचं समाधान मिळत नाही आणि सवय तुटते. पहिले काही दिवस बोलायला आणि खायला त्रास होतो, मऊ भात, खिचडी द्यावी लागते. यंत्र बरेचदा सहा महिने किंवा जास्त ठेवतात. मुलाला कल्पना न देता ते बसवू नये, कारण मग अंगठ्याऐवजी दुसरं काही सुरू होतं, बहुधा नखं खाणं.

कातडी, जंत आणि थोडा दिलासा

अंगठा सतत ओला राहिला की नखाच्या कडेला नखुरडं होतं: लाल, गरम, दुखरं, कधी पू. तेव्हा डॉक्टरांना दाखवा आणि बरं होईपर्यंत रात्री मोजा घालू नका, आतली दमट हवा जंतूंना पोषक असते. नुसती कातडी फुटली असेल तर सकाळी हात धुवून कोरडा करून खोबरेल तेल लावा.

झोपायच्या आधी साबणाने वीस सेकंद हात धुणं ही सवय लावा. मातीत खेळलेल्या मुलाच्या नखांतून जंतांची अंडी तोंडात जातात. रात्री गुदद्वाराजवळ खाज येत असेल तर डॉक्टरांना सांगा. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या राष्ट्रीय जंतनाशक दिनांना अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडॅझोलची गोळी मिळते, एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि त्यापुढे पूर्ण ४०० मिलिग्रॅम. अंगठा चोखणाऱ्या मुलाची ही गोळी चुकवू नका.

दुसरीकडे, न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा अभ्यास अनेक दशकं चालू आहे. त्यात अंगठा चोखणाऱ्या किंवा नखं खाणाऱ्या मुलांमध्ये तेराव्या वर्षी त्वचेच्या चाचणीत ॲलर्जी कमी आढळली. दमा आणि नाकाच्या ॲलर्जीचा त्रास मात्र दोन्ही गटांत सारखाच होता. म्हणून कोणी मुद्दाम अंगठा चोखू द्यावा असं नाही, पण तीन वर्षांखालच्या मुलाकडे बघून घाबरायचंही कारण नाही.

सवय सुटल्यावर तीन महिन्यांनी दात पुन्हा बघा. आधीचा आणि आताचा फोटो शेजारी ठेवा. फट कमी होत असेल तर काही करायचं नाही. फट तशीच असेल आणि घोट गिळताना जीभ दातांमध्ये येत असेल, तर आता ती फट जिभेमुळे टिकून आहे. तेव्हा दंततज्ज्ञांकडे जाताना दोन्ही फोटो आणि सात रात्रींचे कागद बरोबर न्या, त्यांना अंगठ्याचे तास आणि फटीचा बदल एका नजरेत कळेल.